अक्षर वाढतं, बटण का वाढत नाही?

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये दोन स्लायडर शेजारीशेजारी असतात: एक फॉन्ट साइजचा, दुसरा डिस्प्ले साइजचा. कोणताही पुढे सरकवला तरी अक्षरं मोठी दिसतात. त्यामुळे जो आधी हाताला लागेल तो लोक ओढतात आणि पुढे एखाद्या अ‍ॅपमध्ये बटणावरचा मजकूर अर्धाच दिसू लागला की फोनला बोल लावतात.

हे दोन स्लायडर वेगवेगळी मापं हलवतात. स्क्रीन असंख्य ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची बनलेली असते आणि प्रत्येक फोनवर ते कमीजास्त दाट असतात. म्हणून अ‍ॅप बनवणारे बटणाची उंची पिक्सेलमध्ये सांगत नाहीत, डीपीमध्ये सांगतात (व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी तो वेगळा). इंचाला 160 पिक्सेल असलेल्या स्क्रीनवर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. दाटी वाढेल त्या प्रमाणात एका डीपीला जास्त पिक्सेल मिळतात आणि बटण साधारण तेवढंच दिसतं.

अक्षरांसाठी मात्र एसपी हे माप आहे. एसपी म्हणजे डीपीच, फक्त त्याला आणखी एका आकड्याने गुणलेलं असतं आणि तो आकडा फॉन्ट साइजच्या स्लायडरवरून येतो. नेहमीच्या स्थितीत तो 1 असतो, म्हणून दोन्ही मापं सारखीच भासतात.

आता एक फोन घेऊ. स्क्रीनची रुंदी 1080 पिक्सेल, दाटी 420. म्हणजे एक डीपी 2.625 पिक्सेलचा आणि स्क्रीन साधारण 411 डीपी रुंद. त्यावर 48 डीपी उंचीचं बटण 126 पिक्सेल घेतं आणि 16 एसपीचं अक्षर 42. फॉन्ट साइज 1.3 पट केला की अक्षर सुमारे 55 पिक्सेलचं होतं. बटण 126 वरच राहतं, स्क्रीनही 411 डीपीच.

तोच फोन पुन्हा मूळ स्थितीत आणून डिस्प्ले साइज वाढवू. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून मिळालेला हा स्लायडर अक्षरांना वेगळं काही करत नाही. तो फोनच्या दाटीचा आकडाच बदलून सांगतो, समजा 420 ऐवजी 540. आता एक डीपी 3.375 पिक्सेलचा. अक्षर 54 पिक्सेलचं झालं, म्हणजे मघाइतकंच. पण बटणही 162 झालं आणि चिन्हं, मोकळ्या जागा, सगळंच फुगलं. खऱ्या पिक्सेलमध्ये काहीच वाढलेलं नसल्याने स्क्रीन मात्र 411 वरून 320 डीपीवर आली. अक्षर तेवढंच, पण पहिल्या वाटेने चौकट अपुरी पडते आणि दुसऱ्या वाटेने स्क्रीन.

चौकट अपुरी पडते ती अशी. एखाद्याने 14 एसपीच्या मजकुरासाठी 20 डीपी उंचीची पक्की पट्टी आखली. साध्या स्थितीत ओळ तिच्यात आरामात बसते. 1.3 पटीला अक्षर 18.2 डीपीचं होतं आणि ओळीला लागणारी उंची पट्टीच्या बाहेर जाते. देवनागरीत हे लवकर उघडं पडतं, कारण वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ‘पूर्ती’चा रफार आणि ऊकार दोन्ही गेल्यावर उरेल ते वाचणाऱ्याने ओळखायचं! उपाय साधा आहे: पट्टीला पक्की उंची न देता किमान उंची द्यायची, म्हणजे मजकूर वाढला की पट्टीही वाढते.

ही कापाकापी टाळण्यासाठी काही जण अक्षरंच डीपीमध्ये लिहितात. मांडणी मोडत नाही, पण फॉन्ट साइजचा स्लायडर त्या अ‍ॅपपुरता निकामी होतो. माझ्या मते हा आळशीपणा आहे; ज्याला दिसत नाही म्हणून त्याने सेटिंग बदललं, त्याचं म्हणणं ऐकायचंच नाही असं ठरवल्यासारखं.

मोठ्या शीर्षकांची अडचण मात्र खरी होती. सगळंच सारख्या पटीने वाढवलं की आधीच ठसठशीत असलेलं शीर्षक उगाच तीन ओळी खातं. म्हणून 2023 च्या अँड्रॉइड 14 मध्ये फॉन्ट साइज 200 टक्क्यांपर्यंत नेताना सरळ गुणाकार सोडून दिला. तिथे 12 एसपीचं बारीक अक्षर 24 डीपीचं होतं, पण 30 एसपीचं शीर्षक 60 ऐवजी 38 वर थांबतं.

एखाद्या अ‍ॅपची अक्षरं तुमचं ऐकत नसतील तर दोन्ही स्लायडर पाळीपाळीने हलवून पाहा. फॉन्ट साइजला काहीच होत नाही आणि डिस्प्ले साइजला मात्र अक्षरं वाढतात, तर ती बहुधा डीपीत लिहिलेली आहेत. अ‍ॅपमध्ये अक्षरांचं स्वतःचं सेटिंग आहे का आणि तो मजकूर म्हणजे मुळात चित्र तर नाही ना, एवढं आधी तपासून घ्या.