युरिया सायकल कोऱ्या कागदावर

पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसच्या बायोकेमिस्ट्रीच्या जुन्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी मांडून बघाव्यात. पाठ्यपुस्तकात चयापचयाचे मार्ग ढीगभर असतात, पण पेपरात फिरून फिरून येणारे मोजकेच: ग्लायकोलिसिस, क्रेब्ज सायकल, फॅटी अ‍ॅसिडचं बीटा ऑक्सिडेशन, हीमची निर्मिती आणि युरिया सायकल. प्रश्नाचं रूप तेवढं बदलतं. कधी संपूर्ण चक्र आकृतीसह विचारतात, कधी नुसती टीप, कधी एका एन्झाइमची कमतरता, तर कधी आजारी बाळाचं वर्णन देऊन ‘कोणतं एन्झाइम बिघडलं?’ एवढंच. मी विद्यार्थ्यांना सांगते, की या प्रश्नांची उत्तरं लिहून काढू नका. प्रश्न समोर ठेवा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर तो मार्ग काढा. मग दुसऱ्या प्रश्नासाठी पुन्हा काढा. असं केल्याने नेमकं काय होतं, हे युरिया सायकलवरून चांगलं कळतं.

आधी हे चक्र काय करतं ते पाहू. आपण खाल्लेल्या प्रथिनांमधला नायट्रोजन शेवटी अमोनियाच्या रूपात मोकळा होतो आणि अमोनिया मेंदूला विषारी असतो. यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया बनवतं आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी प्रौढ माणूस दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम युरिया टाकतो. हे काम पाच एन्झाइमं करतात. त्यांतली पहिली दोन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आत असतात, उरलेली तीन बाहेरच्या पेशीद्रवात.

पहिल्यांदा आठवून काढायला बसलेला विद्यार्थी बहुधा एक गोल काढतो आणि त्यावर नावं लिहीत सुटतो. ऑर्निथिन, सिट्रुलिन, अर्जिनिनोसक्सिनेट, अर्जिनिन. क्रम बरोबर असतो, कारण आद्याक्षरांची एखादी युक्ती त्याने पाठ केलेली असते. पण मायटोकॉन्ड्रियाची भिंत कुठे आहे, हे त्या गोलात कुठेच नसतं. म्हणून सुरुवात गोलापासून करू नये. कागदावर आधी एक उभी रेघ मारावी, डावीकडे मायटोकॉन्ड्रिया, उजवीकडे पेशीद्रव. आता प्रत्येक रेणूला जागा द्यावीच लागते. ऑर्निथिन रेघ ओलांडून आत येतं, तिथे सिट्रुलिन बनतं, सिट्रुलिन बाहेर जातं आणि बाकीचं सगळं बाहेरच घडतं. दोन बाण रेघ ओलांडणारे. जुन्या पेपरातला ‘कोणत्या पायऱ्या कुठे होतात?’ हा प्रश्न या एका रेघेत सुटतो.

चित्र ऑर्निथिनपासून सुरू करायलाही कारण आहे. 1932 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी उंदराच्या यकृताचे पातळ काप द्रावणात ठेवून युरिया किती बनतो हे मोजलं. अमोनियासोबत ऑर्निथिन घातलं की युरिया झपाट्याने वाढे, पण ऑर्निथिन त्या प्रमाणात खर्च होत नसे. म्हणजे ते वापरलं जाऊन पुन्हा तयार होत होतं. रेणू फिरून मूळ जागी येतात, ही कल्पना त्यातून आली. क्रेब्ज यांचं दुसरं, अधिक गाजलेलं चक्र त्यानंतर पाच वर्षांनी आलं. विद्यार्थ्याने एवढंच लक्षात ठेवायचं, की ऑर्निथिन हे नायट्रोजन वाहून नेणारं भांडं आहे. ते भरतं, रिकामं होतं आणि पुन्हा आत येतं.

आणि भांडं आहे म्हटल्यावर त्यात काय पडलं, काय निघालं याचा हिशेब ठेवता येतो. चित्र बरोबर आलं की नाही, हे पुस्तक न उघडता तपासायची हीच सर्वांत चांगली रीत आहे. प्रत्येक नावाखाली कार्बन आणि नायट्रोजनचे आकडे लिहायचे. ऑर्निथिनमध्ये पाच कार्बन, दोन नायट्रोजन. त्याला कार्बामॉइल फॉस्फेटकडून एक कार्बन आणि एक नायट्रोजन मिळतो, म्हणून सिट्रुलिन सहा आणि तीन. मग अ‍ॅस्पार्टेट जोडलं जातं, ते चार कार्बन आणि एक नायट्रोजन घेऊन येतं, म्हणून अर्जिनिनोसक्सिनेट दहा आणि चार. त्यातून फ्युमरेट सुटतं, चार कार्बन घेऊन पण नायट्रोजन मागे ठेवून, म्हणून अर्जिनिन सहा आणि चार. शेवटी युरिया निघतो, एक कार्बन आणि दोन नायट्रोजन. उरलं काय? पाच आणि दोन, म्हणजे पुन्हा ऑर्निथिन.

आता समजा कोणी अ‍ॅस्पार्टेट विसरलं. ही चूक फार जण करतात, कारण युरियातले दोन्ही नायट्रोजन सरळ अमोनियातून आले, असं मनात बसलेलं असतं. अशा चित्रात अर्जिनिनला तीनच नायट्रोजन येतात आणि युरिया काढून टाकल्यावर ऑर्निथिनला एकच उरतो. हिशेब जुळत नाही, म्हणजे दुसरा नायट्रोजन कुठून तरी यायला हवा होता, हे कागदच सांगतो. ‘युरियातल्या दोन नायट्रोजनचे स्रोत कोणते?’ हा छोटा प्रश्न असा चित्रातूनच सुटतो: एक अमोनियातून, दुसरा अ‍ॅस्पार्टेटमधून.

एन्झाइमांची नावं पोरांना भारी वाटतात, पण ती चित्राच्या बाणांवर लिहायला घेतली की बोलू लागतात. पहिलं कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज-एक. दुसरं ऑर्निथिन ट्रान्सकार्बामॉइलेज, कार्बामॉइलचा गट उचलून ऑर्निथिनवर ठेवणारं. तिसरं अर्जिनिनोसक्सिनेट सिंथेटेज. चौथं अर्जिनिनोसक्सिनेट लायेज, म्हणजे पाणी न वापरता तोडणारं. पाचवं अर्जिनेज, अर्जिनिनला पाण्याने फोडणारं. जुन्या नामकरणात सिंथेटेज हे नाव एटीपी खर्चून जोडणाऱ्या एन्झाइमाला देत. या चक्रात सिंथेटेज दोन आहेत आणि एटीपीही नेमके त्याच दोन ठिकाणी लागतात. पहिल्या पायरीला दोन एटीपी आणि दोन्ही एडीपी होतात. तिसऱ्या पायरीला एक, पण तो थेट एएमपीपर्यंत उतरतो, म्हणून त्याचे दोन बंध खर्च होतात. त्यामुळे एटीपीचे रेणू तीन आणि उच्च ऊर्जेचे बंध चार. पेपरात तीन लिहायचे की चार, यावर दरवर्षी वाद होतो, पण बाणाखाली एएमपी लिहिलेलं असेल तर दोन्ही आकडे कुठून आले ते सांगता येतं. एक सावधगिरी मात्र हवी. नव्या नामकरणात सिंथेज आणि सिंथेटेज हा भेद कटाक्षाने पाळत नाहीत, त्यामुळे काही पुस्तकांत तिसऱ्या एन्झाइमाला सिंथेज म्हटलेलं सापडेल.

आता खरा कस. 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला आणि रुग्णाचं वर्णन देऊन विचारलेल्या प्रश्नांचं वजन वाढलं. असा एक प्रश्न घेऊ. तीन दिवसांचा मुलगा दूध ओढेनासा झाला, उलट्या करतो, सुस्त पडून असतो. रक्तात अमोनिया खूप वाढलेला, सिट्रुलिन अगदी कमी आणि लघवीत ओरोटिक अ‍ॅसिड जास्त. एन्झाइम कोणतं?

पाठ केलेली यादी इथे कामाला येत नाही, चित्र येतं. प्रत्येक बाणावर आळीपाळीने काट मारायची आणि काटेच्या मागे काय साचतं, पुढे काय आटतं ते बघायचं. तिसऱ्या बाणावर काट मारली तर सिट्रुलिन साचेल. इथे ते कमी आहे, म्हणजे काट त्याच्या आधीची, पहिल्या किंवा दुसऱ्या बाणावरची. पहिल्यावर मारली तर कार्बामॉइल फॉस्फेट तयारच होणार नाही. दुसऱ्यावर मारली तर ते बनेल पण खर्च होणार नाही, मायटोकॉन्ड्रियात साचेल आणि रेघ ओलांडून पेशीद्रवात झिरपेल. पेशीद्रवात हाच रेणू पिरिमिडिन बनवण्याच्या मार्गावरचा आहे. तिथे तो कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज-दोन हे वेगळं एन्झाइम ग्लुटामिनपासून बनवतं. आयता माल मिळाल्यामुळे तो मार्ग जोरात चालतो आणि त्यातला मधला पदार्थ, ओरोटिक अ‍ॅसिड, लघवीत उतरतो. म्हणजे बिघाड दुसऱ्या एन्झाइमात, ऑर्निथिन ट्रान्सकार्बामॉइलेजमध्ये. युरिया सायकलच्या जन्मजात दोषांत हाच सर्वांत जास्त आढळतो. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांना फटका जास्त तीव्र बसतो. सुरुवातीची उभी रेघ नसती, तर हे झिरपणं चित्रात दिसलंच नसतं.

म्हणून एकाच मार्गाचे जुने प्रश्न एकत्र करून, प्रत्येकासाठी चित्र नव्या टोकाकडून काढावं. एकदा ऑर्निथिनपासून, एकदा अर्जिनिनपासून उलटं, एकदा फ्युमरेटपासून क्रेब्ज सायकलकडे जात आणि एकदा काट मारून. नेहमी एकाच जागेपासून काढलं तर पाढ्यासारखं होतं, मध्येच विचारलं की सुरुवातीपासून म्हणत यावं लागतं. पुस्तक शेजारी उघडं ठेवून काढणं तर वायाच जातं, कारण हात चालतो, आठवण चालत नाही. अडलेली जागा रिकामी सोडावी, सगळं झाल्यावर पुस्तक उघडून तिथे लाल पेनाने भरावं. पुढच्या वेळी आधी त्या लाल जागा बघाव्यात.

आणि पुढची वेळ लगेच नको. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचून झाल्यावर ‘येतं मला’ असं वाटतं ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं असतं. चित्र काढल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग कोरा कागद घ्यावा.

या पद्धतीच्या हद्दीही आहेत. बाणांच्या चित्रात वेग दिसत नाही. पहिल्या एन्झाइमाला एन-अ‍ॅसिटिलग्लुटामेट नसेल तर ते काम करत नाही, हे नियंत्रण बाजूला वेगळ्या रंगात लिहावं लागतं, नाहीतर ते सुटतं आणि नेमकं तेच टिपेत विचारतात. जुन्या पेपरांवरच विसंबलं तर न विचारलेले मार्गही राहून जातात. पेपर कुठून सुरुवात करायची ते सांगतात, कुठे थांबायचं ते नाही. म्हणून ग्लायकोलिसिस, क्रेब्ज आणि युरिया सायकल हातात बसल्या, की सत्यनारायण किंवा वासुदेवन यांच्या पुस्तकातला जो मार्ग तुमच्या विद्यापीठाच्या पेपरात अजून आलेला नाही, त्याचा प्रश्न स्वतः तयार करा. एका एन्झाइमावर काट मारा आणि त्या बाळाच्या रक्तात काय वाढलेलं असेल ते लिहून दाखवा.