भारनियमन संपलं, आणि डीजीची सवय मोडली

2005 नंतरची सहा-सात वर्षं नागपुरातल्या हॉटेलांच्या डीजी ऑपरेटरला भारनियमनाचं वेळापत्रक तोंडपाठ असे. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं शहराला लागून, तरी लाईन ठरल्या वेळी जायचीच. विदर्भाने वीज करायची आणि विदर्भानेच अंधारात बसायचं, ही तक्रार त्या काळात चहाच्या टपरीपासून विधानभवनापर्यंत सगळीकडे ऐकू यायची. हॉटेलच्या मालकाला मात्र डिझेलचं बिल तेवढं दिसायचं.

त्या बिलात एक गोष्ट फुकट मिळत होती, हे पुढे कळलं. डीजी रोज चालायचा, त्यामुळे बॅटरी चार्ज राहायची. टाकीतलं डिझेल आठवड्याभरात संपून नवं यायचं. चेंजओव्हरचे कॉन्टॅक्टर रोज उघडझाप करायचे. कुठला लोड आधी घ्यायचा आणि कुठला थांबवायचा, हे ऑपरेटरच्या हाताला माहीत असायचं. 2012 च्या अखेरीस महावितरणने राज्याचा बहुतेक भाग भारनियमनमुक्त झाल्याचं सांगितलं आणि डीजी शेडला कुलूप लागलं. पुढच्या दहा वर्षांत यंत्रं तीच राहिली, पण त्यांची रोजची परीक्षा थांबली. जुने ऑपरेटर निवृत्त झाले, नवे आले ते एएमएफ पॅनलवरचा ‘ऑटो’चा दिवा बघून निश्चिंत राहणारे.

लोडची यादीही याच काळात बिघडली. समजा साठ-सत्तर खोल्यांचं हॉटेल आणि 250 केव्हीएचा डीजी, म्हणजे साधारण 200 किलोवॉट. बसवला तेव्हा सगळं हॉटेल त्यावर चालायचं. मग बँक्वेट हॉल वाढला, लाँड्री आली, गीझर आणि एसी वाढले. मे महिन्यातला एकूण लोड 260 किलोवॉटवर गेला, पण यादी कुणी पुन्हा लिहिली नाही. लाईन गेल्यावर सगळं एकदम डीजीवर आलं, की मोटारी सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढतात, व्होल्टेज कोसळतं आणि डीजी ट्रिप होतो. पाहुणा आणि मॅनेजर दोघांचीही समजूत होते की डीजी खराब आहे. खराब असते ती यादी.

नीट यादी अशी. संगणक, सर्व्हर आणि इमर्जन्सी दिवे यूपीएसवर, कारण डीजीला लोड घ्यायला दहा-पंधरा सेकंद लागतातच. त्यानंतर पहिल्या टप्प्यात एक लिफ्ट 11, किचनचा एक्झॉस्ट आणि कोल्ड रूम 20, पाण्याचे पंप 10, लॉबी, जिने व खोल्यांचे दिवे 25, सीसीटीव्ही आणि किरकोळ 9; एकूण 75 किलोवॉट. मिनिटभराने दुसऱ्या टप्प्यात एसीचा निम्मा भाग, आणखी 75. गीझर आणि लाँड्री डीजीवर अजिबात नाहीत. आगीच्या पंपाचा हिशेब यात धरलेला नाही. त्याला स्वतःचं डिझेल इंजिन असेल तर त्याची टाकी आणि बॅटरीही वेगळी तपासायची.

कमी लोड म्हणजे सुरक्षित, हाही एक गैरसमज. रात्री सगळे झोपल्यावर लोड 40 किलोवॉटवर येतो, म्हणजे क्षमतेच्या वीस टक्क्यांवर. इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आणि काही तासांनी सायलेन्सरच्या सांध्यातून काळा, तेलकट ओघळ उतरायला लागतो. तो दिसला की एसीचा थोडा भाग परत चालू करून लोड तीस टक्क्यांच्या वर न्यायचा. डिझेल वाचवायला म्हणून लोड कमी ठेवणाऱ्यांचं इंजिन दुरुस्तीत जास्त पैसे घेतं.

डिझेलच्या साठ्याचा हिशेब नागपूरकरांना तसा घरचाच, कारण त्याचे नियम राबवणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय याच शहरात आहे. परवान्याशिवाय डिझेल एका ठिकाणी एकूण 2500 लिटरपर्यंत ठेवता येतं, पण कुठलंही एक पात्र 1000 लिटरपेक्षा मोठं नको. म्हणून डीजीच्या टाक्या बहुधा 990 लिटरच्या दिसतात. तळाचं गाळ-पाण्याचं सोडलं तर हाती 900 धरा. 150 किलोवॉटला ताशी साधारण 43 लिटर लागतात, म्हणजे 21 तास. फक्त पहिला टप्पा ठेवला तर ताशी 23-24 लिटर आणि दीड दिवसाहून जास्त. पहिल्या टप्प्याचा फीडर वेगळा असेल तरच हा दीड दिवस मिळतो. नसेल तर तो कागदावरच राहतो.

2023 च्या जानेवारीपासून बरोबर वर्षभरात हा हिशेब तीनदा तपासला गेला. 4 जानेवारीला वीज कर्मचाऱ्यांचा 72 तासांचा संप सुरू झाला. तो त्याच दिवशी मिटला, म्हणून थोडक्यात निभावलं. 23 सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि सीताबर्डी, मोरभवनचा परिसर पाण्याखाली गेला. तेव्हा हॉटेलवाल्यांना कळलं की डीजी अंगणात उंच चौथऱ्यावर ठेवून भागत नाही. चेंजओव्हर पॅनल बेसमेंटमध्ये असेल तर कोरडा डीजीही निकामी. आणि 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या आंदोलनामुळे शहरातल्या पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. ‘फोन केला की डिझेल येतं’ या भरवशावर टाकी पाव भरलेली ठेवणाऱ्यांची ती झोप उडवणारी वेळ होती. टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, हा नियम त्यानंतर बऱ्याच लॉगबुकांत आला. साठा पडून राहिला की दुसरी कटकट: पावसाळ्यात टाकीत दव धरतं, पाणी तळाला बसतं. ड्रेन कॉक उघडून काचेच्या बाटलीत थोडं काढलं की खाली वेगळा थर दिसतो.

आता चाचणी. दर सोमवारी डीजी हाताने सुरू करून दहा मिनिटं रिकामा फिरवतात आणि वहीत ‘ओके’ लिहितात. त्यातून इंजिन सुरू होतं एवढंच कळतं. खरी चाचणी म्हणजे मेन्सचा इनकमर बंद करून बघणं, महिन्यातून एकदा, अर्धा तास, किमान तीस टक्के लोडवर. तेव्हा एका माणसाने बॅटरीच्या व्होल्टमीटरपाशी उभं राहायचं. चार्जरवर 27 दाखवणारी 24 व्होल्टची बॅटरी सेल्फ मारताना 18-19 च्या खाली आली, तर ती पुढच्या वेळी इंजिन उचलेल याची खात्री नाही. दुसऱ्याने लोडचे टप्पे ठरल्या क्रमाने येतात का ते घड्याळ लावून बघायचं.

एक फ्यूज काढून एकच फेज घालवूनही बघावं, अर्थात लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून. पॅनल एकाच फेजवर नजर ठेवून असेल तर बाकीच्या फेज गेल्या तरी डीजी उठत नाही. अर्धं हॉटेल अंधारात, लिफ्टची मोटर गुरगुरते आणि पॅनलवर ‘मेन्स हेल्दी’. परतीचाही टप्पा तपासायचा: लाईन आल्याबरोबर लोड उडी मारून परत जाऊ नये, चार-पाच मिनिटं स्थिर राहिली तरच जावा, आणि डीजीने त्यानंतर थोडा वेळ रिकामं फिरून थंड व्हावं.

वेळेवरून हॉटेलात भांडण ठरलेलं. चेक-आउट आणि चेक-इनच्या मधला, बारा ते एकचा वेळ फ्रंट ऑफिसला चालतो, किचनला नाही. मे महिन्यातली एक चाचणी मात्र दुपारी तीनलाच हवी. पंचेचाळीस अंशांत कॅनोपीची गरम हवा रेडिएटरमध्ये परत शिरते का, आणि कूलंटचं तापमान ट्रिपच्या किती जवळ जातं, हे सकाळच्या गारव्यात कळत नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाने खोल्या भरलेल्या असताना इनकमरला कुणी हात लावू देत नाही, म्हणून त्या महिन्याची चाचणी नोव्हेंबरच्या अखेरीस उरकतात, टाकी काठोकाठ भरून.