सप्तमेशांची नजरानजर

स्थळ सांगून आलं आणि पत्रिका समोर आल्या, की पहिला प्रश्न ठरलेला: गुण किती जमतात? 36 पैकी 18 च्या वर आकडा गेला की घरात हायसं वाटतं. पण पंचांगातलं ते गुणमेलनाचं कोष्टक फक्त चंद्र पाहतं. वर्ण, वश्य, योनी, गण, नाडी हे सगळे मुलाच्या आणि मुलीच्या चंद्राच्या राशीवरून आणि नक्षत्रावरूनच काढतात. कोणाचं लग्न कोणतं, सप्तम स्थान कोणाच्या ताब्यात आहे, याची त्या कोष्टकात नोंदच नसते. म्हणून जुने-जाणते ज्योतिषी गुणांचा आकडा सांगून झाल्यावरही पत्रिका मिटत नाहीत. दोघांचे सप्तमेश एकमेकांना ओळखतात का, हे ते पाहतात.

सप्तमेश शोधणं अवघड नाही. आपल्याकडच्या चौकटीत वरच्या मधल्या घरात लग्नराशीचा आकडा असतो आणि त्याच्या बरोबर समोर, खालच्या मधल्या घरात, सप्तमाचा. तिथल्या राशीचा स्वामी तो सप्तमेश. हे सप्तम जोडीदाराचं स्थान, म्हणून सप्तमेश हा त्या माणसाच्या मनातल्या जोडीदाराचा प्रतिनिधी मानतात. दोन पत्रिकांतले हे प्रतिनिधी एकमेकांकडे पाहत असतील, किंवा एकमेकांच्या घरी उतरले असतील, तर ओढ आणि आधार दोन्ही असतात, असा हा सिद्धांत.

एक बेतलेलं उदाहरण घेऊ. मुलीच्या पत्रिकेत वर 2 आहे, म्हणजे वृषभ लग्न. खाली 8, वृश्चिक. तिचा सप्तमेश मंगळ. हा मंगळ सिंहेत, चतुर्थ स्थानी बसलाय. मुलाच्या पत्रिकेत वर 11, कुंभ लग्न. खाली 5, सिंह. त्याचा सप्तमेश रवी. मुलगा डिसेंबरच्या पहिल्या तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास जन्मलेला, त्यामुळे रवी वृश्चिकेत, दशमात.

आता या दोन पत्रिका शेजारी ठेवा. तिचा मंगळ त्याच्या सप्तमाच्या राशीत बसलाय आणि त्याचा रवी तिच्या सप्तमाच्या राशीत. दोघांनी घरांची अदलाबदल केली आहे. एकाच पत्रिकेत असं झालं तर आपण परिवर्तन योग म्हणतो. इथे तो दोन पत्रिकांच्या आरपार झालाय. शिवाय प्रत्येक ग्रहाला सातवी दृष्टी असते. त्यामुळे त्याचा रवी तिच्या लग्नावर पाहतो आणि तिचा मंगळ त्याच्या लग्नावर. लग्न म्हणजे स्वतः ते माणूस. एकाच्या मनातला जोडीदार दुसऱ्याला थेट पाहतोय, असं याचं वाचन होतं. रवी-मंगळ हे नैसर्गिक मित्र, म्हणून ही ओढ सोबतीला येणारी समजतात.

ग्रहांची आपसातली नजर मात्र एकतर्फी आहे. मंगळाला सातवीखेरीज चौथी आणि आठवी दृष्टी असते. सिंहेपासून मोजलं तर वृश्चिक चौथी रास, म्हणून मंगळ रवीला पाहतो. रवीला फक्त सातवी. तो वृश्चिकेतून वृषभेकडे पाहतो, सिंहेकडे नाही. अशा जोडीत पुढाकार मुलीचा असतो असं ज्योतिषी सांगतात, आणि मंगळाची दृष्टी असल्यामुळे त्यात थोडी धगही धरतात. सिंह आणि वृश्चिक परस्परांच्या केंद्रात असल्याने मतभेद उघड आणि आवाज चढवून होतील, हेही त्याच वाचनात येतं. खरी परस्पर दृष्टी हवी तर दोन्ही ग्रह समोरासमोर हवेत. त्याखेरीज दोन गुरू नवपंचमात असले तर ते एकमेकांना पाहतात, कारण गुरूला पाचवी आणि नववी अशा दोन्ही दृष्टी आहेत. मंगळापासून चौथ्या राशीत शनी असला तरीही नजर दोन्हीकडून पडते. मंगळाची चौथी, शनीची दहावी. ही नजर मात्र प्रेमाची कमी आणि झुंजीची जास्त मानतात.

गंमत अशी, की याच मुलीला गुणमेलनाच्या टेबलावर ‘मंगळ आहे’ म्हणून बाजूला काढतील, कारण चतुर्थातला मंगळ दोषाच्या यादीत येतो. सप्तमेशाच्या अंगाने पाहिलं तर तोच मंगळ चौथ्या दृष्टीने स्वतःच्या सप्तमाला सांभाळतोय. मला तरी यादीपेक्षा हे वाचन अधिक विचारी वाटतं.

आता मुलाचा जन्म महिनाभराने नंतर आणि लग्न तेच, असं धरा. रवी धनूत जाईल. सिंहेपासून धनू पाचवी, म्हणजे सप्तमेशांचा नवपंचम झाला आणि वरवर पाहता योग सुधारला. पण धनू ही मुलीच्या वृषभ लग्नापासून आठवी रास. त्याचा सप्तमेश तिच्या अष्टमात पडला. मैत्री आहे, पण ग्रह जिथे उतरला ते घर अडचणीचं. अशा वेळी ओढ असते आणि आधार पातळ पडतो, असं म्हणतात. घाईत पत्रिका पाहणारे नेमके इथे चुकतात: दोन ग्रहांमधलं अंतर मोजतात, ग्रह दुसऱ्याच्या कोणत्या स्थानी पडला ते पाहत नाहीत.

सर्वांत मोठा धोका जन्मवेळेचा. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. आपला मुलगा साडेबाराऐवजी साडेअकराला जन्मला असता, तर लग्न मकर, सप्तमात कर्क आणि सप्तमेश चंद्र. वरची सगळी मांडणी एका तासात कोसळली असती. घरच्यांनी ‘दुपारी कधीतरी’ सांगितलं असेल तर या पद्धतीने काही बोलूच नये.

दुसरी गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही, ती साध्या हिशेबाची. राशी बारा. युती, समोरासमोर, नवपंचम आणि त्रिरेकादश हे चारही चांगले धरले तर बारापैकी सहा जागा भरतात. म्हणजे रस्त्यावरून कोणतीही दोन माणसं उचलली तरी निम्म्या वेळा सप्तमेशांचा ‘शुभ’ संबंध निघणारच. मंदगती ग्रह असले की हे आणखी फसवं होतं. मिथुन लग्नाचा आणि कन्या लग्नाचा सप्तमेश गुरूच. गुरू साधारण वर्षाला एक रास चालतो. म्हणून या दोन लग्नांच्या वधू-वरांत चार वर्षांचं अंतर असेल, तर त्यांचे गुरू बहुधा नवपंचमात येतात. तो योग जन्मसालांतल्या फरकाचा आहे. कर्क आणि सिंह लग्नाच्या समवयस्कांचे शनी एकाच राशीत सापडतात, तेही याच कारणाने. घरांची अदलाबदल मात्र ढोबळ हिशेबाने 144 जोड्यांत एखादीच. ज्योतिषाने कशाला वजन द्यायचं, ते या दुर्मिळतेवरून ठरवायला हवं.

हे सगळं खरंच संसारात उतरतं का? जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 तपासल्या. बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के आली, नाणं उडवून येतील त्याहून कमीच. तिथे प्रश्न बुद्धीचा होता, विवाहाचा नव्हता. पण सप्तमेशांचीही अशीच परीक्षा घेता येईल: टिकलेल्या आणि मोडलेल्या संसारांच्या पत्रिका, नाव-गाव झाकून, वेळ रुग्णालयाच्या दाखल्यावरून घेऊन, आणि निम्म्या जोड्या मुद्दाम अदलून. घरांची अदलाबदल असलेल्या जोड्या टिकलेल्यांच्या गटात 144 मागे एकापेक्षा ठळकपणे जास्त निघायला हव्यात.