सातांत नसलेला आठवा

मास्टरमाइंड हा दोघांचा खेळ. एकजण आडोशामागे चार रंगीत खुंट्या ओळीने लावून ठेवतो आणि दुसऱ्याने त्या न पाहता ओळखायच्या. रंग सहा आहेत आणि एकच रंग पुन्हा वापरायला हरकत नाही. १९७० च्या सुमारास मोर्देखाय मेइरोविट्झ या टपाल आणि दूरसंचार क्षेत्रातल्या इस्रायली गृहस्थांनी हा खेळ तयार केला. मोठ्या खेळणी कंपन्यांनी तो नाकारला आणि शेवटी इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या इन्व्हिक्टा प्लास्टिक्सने तो बाजारात आणला. पटावर अंदाज लावायला दहा-बारा ओळी असतात, आणि बहुतेकांना त्यातल्या सात-आठ तरी लागतात. पण एक पद्धत अशी आहे की, समोरच्याने कोणताही संकेत लावला तरी पाचव्या अंदाजापर्यंत तो सापडलाच पाहिजे. क्वचित पाच किंवा बहुधा पाच नव्हे, तर प्रत्येक वेळी जास्तीत जास्त पाच.

ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी ‘जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स’मधल्या एका छोट्या लेखात मांडली. त्यांनी रंगांऐवजी १ ते ६ आकडे वापरले. आपणही तेच करू, म्हणजे लाल-पिवळ्याचा घोळ राहणार नाही.

प्रत्येक अंदाजाला उत्तर मिळते ते छोट्या खुंट्यांनी. रंगही बरोबर आणि जागाही बरोबर असेल, तर एक काळी. रंग संकेतात आहे पण जागा चुकली, तर एक पांढरी. कुठल्या रंगासाठी काळी किंवा पांढरी, हे सांगायचे नसते. रंग दुहेरी आले की इथेच लोक घसरतात. संकेतात २ एकदाच असेल आणि अंदाजात दोनदा असेल, तर त्याचे श्रेय एकदाच मिळते, आणि आधी काळ्याचा विचार करायचा. संकेत ३६३२ आहे आणि अंदाज आला ११२२. शेवटचा २ नेमक्या जागी आहे, म्हणून एक काळी. तिसऱ्या जागेवरच्या २ ला काहीच नाही, कारण संकेतातला एकुलता २ आधीच वापरला गेला. घरगुती डावात इथे हमखास एक पांढरी जास्त दिली जाते आणि मग पुढचा सगळा डाव फसतो.

चार जागा आणि सहा रंग, म्हणजे एकूण संकेत १,२९६. उत्तरे मात्र चौदाच प्रकारची असू शकतात. तीन काळ्या आणि एक पांढरी हे उत्तर येऊच शकत नाही, कारण तीन जागा बरोबर लागल्या की चौथ्या रंगाला चुकीची जागा उरतच नाही. प्रत्येक अंदाज म्हणजे १,२९६ संकेतांची फार तर चौदा ढिगांत केलेली वाटणी. उत्तर कळले की एक ढीग हातात राहतो आणि बाकीचे टाकून द्यायचे.

कनूथ यांचा सगळा विचार या ढिगांवर उभा आहे. अंदाज बरोबर निघेल का, हे ते विचारत नाहीत. नशिबाने सर्वांत वाईट उत्तर दिले तर आपल्या हाती किती मोठा ढीग राहील, एवढेच ते पाहतात. ज्या अंदाजाचा सर्वांत मोठा ढीग सर्वांत लहान, तो अंदाज घ्यायचा. बरोबरी झाली तर जो अंदाज स्वतः संकेत असण्याची शक्यता आहे, त्याला आधी पसंती. दर पावलाला हाच नियम लावायचा.

पहिल्या पावलाला हिशेब सोपा आहे, कारण रंगांची नावे बदलली तरी फरक पडत नाही. फक्त अंदाजाची ठेवण महत्त्वाची. अशा ठेवणी पाचच. ११११ विचारले तर एकही १ नसलेले ६२५ संकेत एकाच ढिगात पडू शकतात. १११२ चा सर्वांत मोठा ढीग ३१७ चा. नवखा खेळाडू हटकून चार वेगळे रंग लावतो. पण १२३४ ला ‘दोन पांढऱ्या’ असे उत्तर आले की ३१२ संकेत शिल्लक राहतात. ११२३ चा मोठा ढीग २७६ चा आणि ११२२ चा २५६ चा. म्हणून कनूथ ११२२ ने सुरुवात करतात.

यातली एक गंमत खेळताना लक्षात येत नाही. ११२२ ला काहीच मिळाले नाही की खेळाडूचा चेहरा पडतो. एक काळी मिळाली की तो खुलतो. प्रत्यक्षात रिकामे उत्तर, एक काळी आणि एक पांढरी या तिन्ही वेळी बरोबर २५६ संकेतच उरतात. चेहरा पडायचे किंवा खुलायचे काही कारण नाही.

आता तोच ३६३२ चा डाव पुढे नेऊ. ११२२ ला एक काळी आली. म्हणजे १ आणि २ मिळून संकेतात एकच खुंटी आहे, आणि ती असेल तर १ पहिल्या दोन जागांत किंवा २ शेवटच्या दोन जागांत. उरले २५६. कनूथ यांचा पुढचा अंदाज १३४४. त्याला उत्तर येते एक पांढरी. आता १ पहिल्या जागी नाही, ३ दुसऱ्या जागी नाही, ४ शेवटच्या दोन जागांत नाही, आणि या तिघांपैकी एकाचीच गाठ पडली आहे. कागदावर नीट मांडले तर ४४ संकेत शिल्लक राहतात. तिसरा अंदाज ३५२६. उत्तर: एक काळी, दोन पांढऱ्या. यात तीन रंग जुळायला हवेत आणि जागा एकच जुळायला हवी, म्हणून ४४ मधून फक्त सात तगतात: ३६३२, ३६६२, ४५६२, ४६२५, ५५३२, ६४२५ आणि ६६२३.

सात उरले आणि हातात दोनच अंदाज. कोणीही या सातांतला एक विचारील, कारण लागला तर इथेच डाव संपतो. समजा ३६६२ विचारला. संकेत ४६२५ असो की ५५३२, उत्तर एकच येते: एक काळी, एक पांढरी. मग पाचव्या अंदाजाला दोघांतला एक निवडावा लागतो आणि तो चुकला तर सहावा लागतो. ६४२५ विचारला तर ३६३२ आणि ३६६२ यांचे उत्तर सारखे येते. सातही अंदाज मी कागदावर तपासून पाहिले. प्रत्येकात किमान एक जोडी तरी अशी चिकटलेली राहते.

कनूथ यांचा चौथा अंदाज आहे १४६२. तो या सातांत नाही आणि संकेत असूच शकत नाही. तरीही त्याला ४६२५ कडून तीन पांढऱ्या, ६४२५ कडून एक काळी नि दोन पांढऱ्या, ४५६२ कडून दोन काळ्या नि एक पांढरी, ६६२३ कडून दोन पांढऱ्या, ३६३२ कडून एक काळी नि एक पांढरी, ३६६२ कडून नुसत्या दोन काळ्या आणि ५५३२ कडून एकच काळी मिळते. सात संकेत, सात वेगळी उत्तरे. आपल्या डावात एक काळी, एक पांढरी येते आणि पाचवा अंदाज ३६३२ लागतो. चौथ्या अंदाजाला जिंकण्याची संधी जाणूनबुजून सोडली, म्हणून पाचव्याला जिंकण्याची खात्री मिळाली. ‘जे अजून शक्य आहे तेच विचारायचे’ हा नियम बहुतेक चांगले खेळाडू आपोआप पाळतात आणि त्याने डाव बरेचदा लवकर संपतोही. पण खात्री हवी असेल तर तोच नियम आडवा येतो.

मग चार अंदाजांत खात्रीने का जमू नये? त्याचे उत्तर भागाकारात आहे. पहिला अंदाज कितीही हुशारीने लावा, वाईट नशिबी निदान २५६ उरतातच. दुसऱ्याने त्यांची जास्तीत जास्त चौदा ढिगांत वाटणी होते, म्हणजे एखाद्या ढिगात किमान १९ असणारच. त्या १९ ची पुन्हा चौदांत वाटणी केली तर कुठेतरी दोन एकत्र पडतात. चौथ्या अंदाजाला दोन शक्यता समोर असल्या तर खात्री कसली! म्हणून पाच ही मर्यादा कनूथ यांनी गाठली ती आणखी खाली आणता येत नाही.

सरासरीची गोष्ट मात्र वेगळी. सगळे १,२९६ संकेत एकेकदा खेळून पाहिले तर कनूथ यांच्या पद्धतीला एकूण ५,८०१ अंदाज लागतात, म्हणजे डावाला सुमारे ४.४८. ही पद्धत फक्त पुढच्या एका पावलाचे सर्वांत वाईट रूप पाहते. त्याच्या पलीकडच्या पावलांचा हिशेब ती ठेवत नाही. १९९३ साली कोयामा आणि लाई यांनी संगणकावर शेवटपर्यंतच्या सगळ्या वाटा धुंडाळून सर्वांत कमी सरासरी काढली: एकूण ५,६२५ अंदाज, डावाला सुमारे ४.३४. त्यांची सुरुवात ११२३ ने होते, जिचा मोठा ढीग २७६ चा म्हणून कनूथ यांच्या नियमाने ती बाद ठरली होती. त्यांच्या या वाटेवर क्वचित सहावा अंदाज लागतो. पाचच्या आत राहायचा हट्ट धरला तर एकूण बेरीज फक्त एकाने वाढते, ५,६२६ होते. मला विचाराल तर त्या एका अंदाजाची किंमत देऊन खात्री घ्यावी.

पाटावर बसून हे करायचे तर अडचण उघड आहे. दर पावलाला १,२९६ अंदाज घेऊन प्रत्येकाचे ढीग मोजायचे, म्हणजे पहिल्या पावलालाच साधारण पावणेसतरा लाख तुलना. संगणकाला त्याला फार वेळ लागत नाही, माणसाला ते शक्य नाही. माणसाने इतकेच करावे की ११२२ ने सुरुवात करावी, पुढचे एक-दोन अंदाज आधीच्या उत्तरांशी जुळतील असे लावावेत, आणि शक्यता दहाच्या आत आल्या की थांबून त्या कागदावर लिहून काढाव्यात. मग यादीतला एखादा विचारून त्या वेगळ्या होतात का ते पाहावे. होत नसतील तर यादीबाहेरचा अंदाज शोधावा. त्यासाठी नक्की नसलेला एखादा रंग भरणा म्हणून घालायचा, जसा वरच्या १४६२ मधला १. तो कोणालाच खुंटी मिळवून देत नाही, त्यामुळे बाकीच्या तीन जागांचे उत्तर स्वच्छ येते.

आणि यादी करताना एकही संकेत शिल्लक राहिला नाही, तर डोके खाजवत बसू नये. याचा अर्थ असा की आधीचे एखादे उत्तर चुकीचे दिले गेले आहे. आडोशामागचा संकेत न दाखवता सगळी उत्तरे पुन्हा तपासायला सांगावीत. दुहेरी रंगाच्या अंदाजापासून सुरुवात केली तर चूक लवकर सापडते.