बोलणं संपलं, हे यंत्राला कळतं कसं?

फोनवर बोलणाऱ्या चॅटबॉटमध्ये तीन प्रोग्राम एकामागून एक काम करतात. पहिला आवाज ऐकून मजकूर लिहितो, दुसरा म्हणजे भाषा मॉडेल उत्तर रचतो, तिसरा ते आवाजात बोलून दाखवतो. तिन्ही आज तयार मिळतात. खरं अवघड काम आहे ते उशीर आवरण्याचं. २००९ साली दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास झाला, तेव्हा प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी ०.२ सेकंदच जातात असं दिसलं. यंत्राला तीन सेकंद लागले, की पलीकडचा माणूस ‘हॅलो? हॅलो?’ करू लागतो आणि यंत्र त्या हॅलोलाही नवा प्रश्न समजतं.

वीजबिलाची चौकशी करणारा चॅटबॉट घेऊ. पूर्ण उत्तर तयार होऊ दिलं, मग त्याचा पूर्ण आवाज बनवला, तर सहज पाच-सहा सेकंद जातात. म्हणून भाषा मॉडेलकडून शब्द जसे येतील तसे घ्यायचे आणि पहिलं वाक्य पुरं होताच बोलायला द्यायचं. ते ऐकवलं जात असताना पुढचं तयार होतं. इथे वाक्य कुठे तोडायचं हे नीट सांगावं लागतं. नुसतं टिंब पाहून तोडलं, तर ‘रु. ८४०’ मधल्या टिंबापाशीच आवाज थांबतो.

एवढं करूनही एक सेकंदाच्या वर उशीर उरतो, आणि त्यातला मोठा वाटा बहुधा विचार करण्यात जात नाही. माणसाचं बोलणं संपलं की तो नुसता थांबलाय, हे ठरवण्यात जातो. साधा उपाय म्हणजे ठरावीक शांतता मोजणं. समजा, ०.७ सेकंद आवाज आला नाही, की बोलणं संपलं असं धरायचं. पण महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो. बिलावर बघत माणूस तीन-चार अंक सांगतो, थांबतो, पुढचे शोधतो. यंत्र मधेच बोलू लागतं, माणूस गोंधळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नोंदींमध्ये चार-चार अंकांचे तुटक तुकडे दिसले, तर दोष ऐकण्यात नाही, घाईत आहे.

माझ्या मते इथे एकच मर्यादा सगळीकडे लावू नये. क्रमांक विचारल्यावर दोन सेकंद थांबावं, पण बारावा अंक ऐकताच शांतता न मोजता पुढे जावं. ‘हो की नाही’ विचारलं असेल तर अर्धा सेकंदही पुरतो. वाक्य ‘पण’, ‘म्हणजे’वर थांबलं तर जास्त वाट पाहावी, ‘किती आलंय?’वर संपलं तर लगेच उत्तर द्यावं.

माणसाने मधेच टोकलं तर आवाज तत्काळ थांबवावा आणि भाषा मॉडेलच्या नोंदीत प्रत्यक्ष ऐकवलेला भागच ठेवावा. नाहीतर माणसाने न ऐकलेली रक्कम त्याला कळली आहे, असं धरून ते पुढचं बोलत राहतं.