भाराखाली शिअरची उडी, मोमेंटचा कोपरा

डिप्लोमाच्या वर्गात सरांनी फळ्यावर 6 मीटर लांबीची, दोन्ही टोकांना साधी टेकलेली तुळई काढली. डाव्या टोकापासून 2 मीटरवर 12 किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे बाराशे किलोचा, पॉइंट लोड दिला. तुळईचं स्वतःचं वजन सोडून दिलं. डावा आधार 8 किलोन्यूटन पेलतो आणि उजवा 4. शिअर फोर्सचा आलेख भारापर्यंत 8 वर सपाट जातो आणि तिथून थेट उणे 4 वर आदळतो.

“सर, मधले आकडे गेले कुठे?” एका मुलीने विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता.

“तुळई मनातल्या मनात काप आणि फक्त डावा तुकडा बघ,” सर म्हणाले. “काप 1.99 मीटरवर असेल तर तुकड्यावर आधाराचं 8 एवढंच बल आहे. काप 2.01 वर ने. आता 12 चा भार अख्खा तुकड्यात आला. 8 वजा 12, उणे 4. भार एकाच बिंदूवर आहे असं आपण धरलंय, त्यामुळे तो अर्धामुर्धा तुकड्यात येऊच शकत नाही.”

“मग मोमेंटही का उडी मारत नाही?”

“कारण मोमेंट म्हणजे बल गुणिले अंतर. 2.01 वर भार तुकड्यात असला, तरी तो कापापासून अवघ्या एका सेंटिमीटरवर आहे. 12 गुणिले 0.01, म्हणजे 0.12 एवढाच त्याचा परिणाम. 1.99 वर मोमेंट 15.92 येतो, 2 वर 16, 2.01 वर 15.96. कुठेही तुटत नाही.”

तुटत नाही, पण दिशा बदलते. मोमेंट ज्या दराने वाढतो तो दर म्हणजेच शिअर. भाराच्या डावीकडे मोमेंट मीटरमागे 8 ने चढतो, उजवीकडे 4 ने उतरतो. उतारात झालेला हा बदल बरोबर 12 चा, भाराइतकाच. म्हणून रेषेला कोपरा येतो. मोमेंटच्या आलेखात उभी पायरी हवी असेल तर तिथे पिळणारी जोडी लागते, उदाहरणार्थ तुळईला जोडलेल्या ब्रॅकेटच्या टोकावरचं वजन. नुसत्या पॉइंट लोडखाली पायरी दिसली, तर गणित चुकलं असं खुशाल समजावं.

प्रत्यक्षात भार बिंदूवर नसतोच. तोच 12 चा भार 20 सेंटिमीटरवर पसरवला, तर शिअरची उडी तीव्र उतार होते, कोपरा गोलसर होतो आणि सर्वांत मोठा मोमेंट 16 ऐवजी 15.73 येतो. फरक दोन टक्क्यांच्या आत, तोही सुरक्षित बाजूला, म्हणून पॉइंट लोड धरणं इथे चालतं.

परीक्षेत भाराखालचा शिअर विचारला, तर एकच आकडा लिहू नका. किंचित डावीकडे 8, किंचित उजवीकडे उणे 4, असे दोन्ही लिहा.