व्यापारचिन्हाचे आयुष्य : खरेदीचा खर्च आणि त्याचे निर्लेखन

जमाखर्चाच्या परिभाषेत यंत्रांचा ‘घसारा’ असतो. हा शब्द मोठा बोलका आहे, कारण यंत्र खरोखरच घासते आणि झिजते. परंतु नाव झिजत नाही. एखाद्या मसाल्याच्या पुडीवरील नाव जितक्या वेळा उच्चारले जाईल तितके ते बळकट होते. त्याला गंज चढतो तो न वापरल्याने. म्हणून विकत घेतलेल्या व्यापारचिन्हाची किंमत वर्षांवर वाटून खर्ची टाकण्याच्या क्रियेला घसारा हा शब्द नीटसा लागू पडत नाही. इंग्रजीत या क्रियेस ॲमॉर्टायझेशन म्हणतात. त्याचे मूळ ‘मारणे, निष्प्राण करणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूत असून त्या धातूत मृत्युवाचक लॅटिन शब्द दडलेला आहे. येथे तिला निर्लेखन म्हटले आहे. ज्याला मरण कायद्याने ठरवून दिलेले नाही, त्याचे आयुष्य किती मानावयाचे, हा या विषयातील खरा पेच होय. तो एका कल्पित व्यवहाराच्या आधाराने पाहणे सोयीचे होईल.

समजा, सांगलीच्या एका मसाला उत्पादक कंपनीने पुण्याच्या एका कौटुंबिक पेढीकडून मसाल्यांच्या वर्गात नोंदलेले एक चिन्ह १ ऑक्टोबर २०२५ रोजी २४,००,००० रुपयांस विकत घेतले. पेढी आपला धंदा चालूच ठेवणार आहे. विकले ते केवळ नाव, धंद्याची ख्याती नव्हे. चिन्हाच्या नोंदणीचा अर्ज १ जुलै २०२१ चा. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे नोंदणीची दहा वर्षे अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात, तेव्हा ही नोंदणी ३० जून २०३१ पर्यंत टिकेल. पुढे दर दहा वर्षांनी शुल्क भरून ती नव्याने वाढविता येते, आणि असे किती वेळा करावे यास मर्यादा नाही. (१९५८ च्या जुन्या कायद्यात ही मुदत सात वर्षांची होती.)

पहिला प्रश्न असा की, चिन्हाची ‘किंमत’ म्हणजे नेमके काय? लेखामानक २६ चे उत्तर असे आहे की, खरेदीची रक्कम आणि ती मालमत्ता वापरास सिद्ध करण्यासाठी प्रत्यक्ष लागलेला खर्च, एवढे मिळून किंमत होते. हस्तांतरपत्रावरील मुद्रांकशुल्क ७२,००० रुपये झाले. नोंदवहीत नव्या मालकाचे नाव चढविण्याच्या अर्जाचे शुल्क, तो ऑनलाइन दाखल केल्यास, ९,००० रुपये आहे. वकिलाचे मानधन व त्याच्यामार्फत भरलेली किरकोळ शुल्के २४,००० रुपये झाली. याशिवाय १५,००० रुपये वृत्तपत्रातील एका जाहिरातीस लागले. एकूण किंमत २५,२०,००० रुपये.

या शेवटच्या जाहिरातीबद्दल थोडे थांबावयास हवे. ख्यातीवाचून केवळ चिन्ह विकले गेल्यास कायद्याचे कलम ४२ एक अट घालते : खरेदीदाराने सहा महिन्यांच्या आत निबंधकाकडे जाऊन हस्तांतराची जाहिरात कशी द्यावी याचे निर्देश मागावे आणि त्याप्रमाणे ती प्रसिद्ध करावी. निबंधकास ही मुदत फार तर तीन महिन्यांनी वाढविता येते. अट पाळली नाही तर हस्तांतर परिणामकारकच होत नाही. पैसे गेले, नाव आले नाही, अशी अवस्था होते. म्हणून ही जाहिरात मालमत्ता हस्तगत करण्याचाच भाग आहे व तिचा खर्च किमतीत जातो. याच कंपनीने दुकानदारांना नव्या मालकीची वार्ता कळावी म्हणून फलक व पत्रके यांवर ३,००,००० रुपये खर्च केले, तर तो मात्र त्या वर्षाचा खर्च. दोन्हींना जाहिरातच म्हणतात, परंतु एकीवाचून हक्क मिळत नाही आणि दुसरीवाचून केवळ विक्री मिळत नाही. खर्चाच्या पावतीवर ‘जाहिरात’ एवढाच शब्द पाहून दोन्ही एका खात्यात टाकणे ही सर्रास आढळणारी चूक होय. व्यवहारावर भरलेल्या वस्तू व सेवा कराचेही असेच : त्याची वजावट मिळणार असेल तर तो किमतीत धरावयाचा नाही, मिळणार नसेल तर धरावयाचा.

यापुढे आयुष्याचा प्रश्न. नोंदणीची ६९ महिने मुदत उरली आहे. तीच आयुष्य मानली तर दरमहा सुमारे ३६,५२२ रुपये खर्ची पडतील. पण मुदत संपताना नूतनीकरणास लागणार आहेत अवघे ९,००० रुपये, आणि अर्ज एक वर्ष आधीपासून करता येतो. विसरले तरी सहा महिने अधिभार भरून, व त्यानंतर मुदत संपल्यापासून वर्ष पुरे होईपर्यंत पुनःस्थापनेचा अर्ज करून, नोंदणी वाचविता येते. पंचवीस लाखांची वस्तू नऊ हजारांसाठी कोण सोडील? कायदेशीर हक्क वाढविता येण्याजोगा असून तो वाढविला जाणे जवळजवळ निश्चित असेल, तर नूतनीकरणानंतरचा काळही आयुष्यात धरण्यास लेखामानक २६ अनुमती देते. मात्र आयुष्य दहा वर्षांहून अधिक नसावे, असे गृहीतक त्याने घातले आहे. ते सबळ पुराव्याने खोडता येते. पण मग वसूल होण्याजोगी रक्कम दरवर्षी तपासावी लागते व कारणे उघड करावी लागतात. या कंपनीने दहा वर्षे धरली. २५,२०,००० भागिले १२० महिने, म्हणजे दरमहा २१,००० रुपये. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या सहा महिन्यांचे १,२६,००० आणि पुढे दरसाल २,५२,०००. आयुष्याच्या शेवटी चिन्ह ठराविक किमतीस घेण्याचे कोणी बांधून दिलेले नाही आणि अशा चिन्हांचा चालता बाजारही नाही, म्हणून अवशिष्ट मूल्य शून्य.

मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या भारतीय लेखामानक ३८ मध्ये दहा वर्षांचे गृहीतक नाही. तेथे चिन्हाचे आयुष्य ‘अनिश्चित’ ठरविता येते. मग निर्लेखन होत नाही, केवळ दरवर्षी मूल्य तपासले जाते. ‘अनिश्चित’ म्हणजे ‘अनंत’ नव्हे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. शेवट दिसत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

तर मग आयुष्य ठरते कशाने? भाषाभ्यासकास प्रथम सुचेल तो धोका असा की, नाव सामान्यनाम होऊन जाईल. अमेरिकेत ‘एस्कलेटर’ हे ओटिस कंपनीचे चिन्ह होते. १९५० मध्ये ते सरकत्या जिन्याचे सर्वसाधारण नाव ठरून कंपनीच्या हातून गेले. परंतु हा धोका फुगवून सांगण्यात अर्थ नाही. आपल्या कायद्याचे कलम ३६ लोकांच्या सैल बोलण्यास महत्त्व देत नाही. त्या मालाचा व्यापार करणाऱ्यांनीच तो शब्द वस्तूचे नाव म्हणून रूढ केला आहे काय, हे पाहते. मराठी घरांतून कोणत्याही वनस्पती तुपास ‘डालडा’ म्हणण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची. तरीही २००३ साली हिंदुस्थान लिव्हरने ते चिन्ह बुंगे कंपनीस विकले. स्वयंपाकघरात सामान्यनाम झालेला शब्द बाजारात विशेषनाम म्हणून विकला गेला, ही गोष्ट शब्दार्थाच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावी अशी आहे.

बहुतेक चिन्हे मरतात ती मालकाच्या निर्णयाने. १९९३ साली कोका-कोला कंपनीने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट इत्यादी पेये एकत्र घेतली. थम्स अप आजही खपते. गोल्ड स्पॉट मात्र नव्या मालकाने पुढे बाजारातून काढले, कारण त्याच्या घरी फँटा होतेच. एकाच दिवशी, एकाच व्यवहारात घेतलेल्या दोन नावांची आयुष्ये अशी भिन्न निघाली, आणि त्यांतील एकही नोंदणीच्या मुदतीवरून सांगता आले नसते. ते पाहावयाचे खरेदीदाराच्या बेतात. त्याच प्रकारचा माल तो स्वतःच्या नावाने विकतो आहे काय, जाहिरातीची तरतूद कोणत्या नावाकडे वळली आहे, नव्या वेष्टनावर जुने नाव बारीक होत चालले आहे काय, हे हिशेबतपासनिसाने विचारावे. वापर पुरता थांबला तर कायदाही हात आखडतो : नोंद झाल्यापासून पाच वर्षे व त्याहून अधिक काळ चिन्ह अखंड अनुपयोगात राहिले, तर हितसंबंधी व्यक्तीच्या अर्जावरून ते नोंदवहीतून काढले जाऊ शकते.

आपल्या सांगलीच्या कंपनीकडे परत यावे. समजा, ३१ मार्च २०२९ रोजी तिने ठरविले की, विकत घेतलेले नाव दोन वर्षांत बंद करून सर्व माल स्वतःच्याच नावाखाली आणावयाचा. तोपर्यंत ४२ महिन्यांचे ८,८२,००० रुपये खर्ची पडले आहेत, शिल्लक १६,३८,०००. अशा वेळी मागील वर्षांचे हिशेब उकलावयाचे नसतात. तेव्हा जो अंदाज केला तो तेव्हाच्या माहितीवर योग्यच होता. प्रथम पाहावयाचे ते हे की, उरलेल्या दोन वर्षांत हे नाव तेवढी रक्कम मिळवून देईल काय. देणार नसेल तर तूट तत्काळ तोट्यात टाकावी. देणार असेल तर १६,३८,००० रुपये २४ महिन्यांवर वाटावे, म्हणजे दरमहा ६८,२५०. पूर्वीच्या तिपटीहून अधिक असा हा आकडा व्यवस्थापनास रुचत नाही. म्हणून नाव बंद करण्याचा निर्णय झाल्यावरही जुनेच दहा वर्षांचे कोष्टक पुढे चालविण्याचा मोह होतो. संचालक मंडळाचा ठराव व निर्लेखनाचे कोष्टक शेजारी ठेवून वाचले की ही लपवाछपवी उघडी पडते.

याउलट, नाव चालूच ठेवले आणि २०३१ साली नूतनीकरण केले, तर त्या शुल्काचे काय? ते मालमत्तेत मिळवावयाचे नाही. चिन्हावरील नंतरचा खर्च हा नेहमीच खर्च मानावा, असा लेखामानकाचा दंडक आहे, कारण तो चिन्हासाठी झाला की एकूण धंद्यासाठी, हे वेगळे काढता येत नाही. खरेदीच्या वेळी निबंधकाकडे भरलेले नऊ हजार ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतात. सहा वर्षांनी त्याच कचेरीत भरलेली रक्कम नफा-तोटा पत्रकात जाते. विद्यार्थ्यांचा येथे हटकून घोटाळा होतो, आणि विसंगती भासते हेही नाकारता येत नाही.

आयकराचा हिशेब या साऱ्याहून निराळा. २०२५-२६ या वर्षास लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याखाली व्यापारचिन्हावर घटत्या शिलकेच्या २५ टक्के घसारा मिळतो. वापर १८० दिवसांहून कमी असेल तर त्याच्या निम्मा. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे १८२ दिवस होतात. खरेदीच्या दिवसापासून नाव वापरात असल्यास कंपनीस करासाठी पहिल्याच वर्षी ६,३०,००० रुपयांची वजावट मिळेल, आणि तिच्या पुस्तकांत दिसतील १,२६,०००. या दोहोंतील अंतरावरील कर ‘स्थगित कर’ म्हणून ताळेबंदात वेगळा दाखवावा लागतो. व्यवहार आणखी तीन दिवस लांबला असता तर ही वजावट ३,१५,००० रुपयांवर आली असती.